हनुवटीवरच्या हट्टी पिंपल्ससाठी स्पायरोनोलॅक्टोन की कॉम्बाइन्ड पिल? कोणाला चालतं, काय तपासत राहायचं?

मनवा:
वय ३१. कॉलेजात असताना कपाळावर यायचे ते पिंपल्स केव्हाच गेले, आता गेली काही वर्षं फक्त जबड्याच्या कडेला, हनुवटीवर आणि थोडे मानेवर येतात. आतल्या आत मोठी दुखरी गाठ, तोंडच नसतं तिला, पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास, आणि गेली तरी काळा डाग महिनोन्‌महिने तसाच. अडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड नियमित लावून झालं, डॉक्सिसायक्लिनचा तीन महिन्यांचा कोर्स झाला, गोळ्या चालू होत्या तोवर छान होतं, बंद झाल्या आणि परत तेच.

आता स्किनच्या डॉक्टर म्हणतात स्पायरोनोलॅक्टोन ५० मिलिग्रॅमने सुरू करू. गायनॅक म्हणतात त्यापेक्षा ड्रोस्पिरेनोनवाली पिल घे, गर्भनिरोधनाचंही काम होईल. दोघींनी दोन वेगळ्या चिठ्ठ्या दिल्यात आणि दोन्ही माझ्या पर्समध्ये पडून आहेत. पाळी वेळेवर येते, सोनोग्राफी नॉर्मल, बीपी नॉर्मल, सिगरेट नाही, मूल निदान दोन वर्षं तरी नकोय. अधूनमधून अर्धशिशी होते, बाकी तब्येत ठणठणीत. ज्यांनी यातलं काही घेतलंय त्यांनी सांगा, कशावरून ठरवलंत? आणि रक्त किती वेळा तपासायला लागतं?

पल्लवी_उ:
मी पिल घेते, दोन वर्षं होत आली. पहिले दोन महिने काहीच नाही, उलट एक मोठा फोड आला तेव्हा पाकीट फेकून द्यायचं मनात आलेलं. तिसऱ्या पाकिटानंतर नवीन गाठी यायच्या थांबल्या. बीपी सुरुवातीला बघितलं, तीन महिन्यांनी परत, आता वर्षातून एकदा बघतात. रक्त कधीच काढलं नाही.

रेवती_के:
एक मिनिट, या गोळ्या पीसीओएस असेल तरच देतात ना? मनवाची पाळी वेळेवर, सोनोग्राफी नॉर्मल. मग हार्मोनचा प्रॉब्लेमच नाही तर हार्मोनची गोळी कशाला? आधी टेस्टोस्टेरोन, डीएचईएएस वगैरे सगळं करून घे आणि रिपोर्टमध्ये वाढलेलं दिसलं तरच सुरू कर असं मी म्हणेन. आणि स्पायरो घेत असशील तर दर महिन्याला पोटॅशियम मस्ट आहे, माझ्या मावशीचं करायचे.

शमा_स्किन:
मी त्वचेच्या ओपीडीत काम करते, हे रोजचे पेशंट. रेवतीच्या दोन्ही मुद्द्यांवर थोडं सविस्तर लिहिते.

हनुवटी-जबड्यावर मुरुमं असलेल्या बहुतेक बायकांचे हार्मोन रिपोर्ट नॉर्मलच येतात. रक्तातलं अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरोनसारखं पुरुषी हार्मोन, नेहमीइतकंच असतं, पण त्यांच्या तैलग्रंथी त्याला जास्त उत्तर देतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी औषध लागू पडतं आणि त्यासाठी आधी पॅनेल करायची सक्ती नाही. पॅनेल करायचं कधी? पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा छातीवर जाड केस यायला लागले असतील, डोक्याचे केस पुरुषांसारखे मागे हटत असतील. आणि हे सगळं अचानक, काही महिन्यांत झालं, आवाज घोगरा झाला, तर मात्र ताबडतोब, कारण तेव्हा अंडाशयात किंवा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ नाही ना हे बघावं लागतं. आणखी एक, पॅनेल करायचंच असेल तर पिल सुरू करण्याआधी. पिल चालू असताना काढलेल्या टेस्टोस्टेरोनच्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

दोन्ही औषधं वेगळ्या जागी काम करतात. पिलमधलं इस्ट्रोजेन लिव्हरकडून एसएचबीजी नावाचं प्रोटीन जास्त बनवून घेतं, ते मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरोन धरून ठेवतं, शिवाय अंडाशयातून येणारं अँड्रोजेनही कमी होतं. स्पायरो रक्तातल्या आकड्याला फारसा हात लावत नाही, ते ग्रंथीवर जिथे अँड्रोजेन येऊन चिकटतं त्या जागेवर स्वतः बसतं, खुर्चीवर आधीच रुमाल टाकून ठेवल्यासारखं.

पोटॅशियमबद्दल नंतर लिहिते, ओपीडी आहे.

निनाद_प:
छान माहिती. मलाही पाठीवर आणि जबड्यावर असेच येतात, वय २६. ही स्पायरो माझ्यासारख्याने ५० ने सुरू केली तर चालेल का? मेडिकलमध्ये मिळते असं मित्र म्हणाला.

पल्लवी_उ:
निनाद, धाग्याचं नाव परत एकदा वाच रे बाबा 😄

औषधवाला:
निनाद, हसण्यावारी नेऊ नका, खरंच घेऊ नका. पुरुषांमध्ये हेच औषध स्तनांची वाढ करतं, दुखरी गाठ येते, इच्छा कमी होते. हार्ट फेल्युअरसाठी घेणाऱ्या पुरुषांमध्येसुद्धा ही तक्रार नेहमीची आहे, तिथे दुसरं औषध देतात. मुरुमांसाठी पुरुषांना तोंडावाटे देत नाहीत. अँड्रोजेन त्वचेवरच अडवणारं क्लॅस्कोटेरोन नावाचं क्रीम आहे, अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झालं, ते पुरुषांनाही चालतं. पाठीवर एवढे असतील तर तुमच्यासाठी आयसोट्रेटिनोइनचा विचार स्किनवाल्यांकडे होईल. हा वेगळा विषय, वेगळा धागा काढा.

मनवा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे घाबरणार नाही. स्पायरोच्या पाकिटातल्या कागदावर मुरुमं हा शब्द कुठेही सापडणार नाही. बीपी, सूज, हृदय असंच लिहिलेलं असतं. मुरुमांसाठी वापर लेबलबाहेरचा आहे, डॉक्टरांच्या निर्णयावर. मुली परत येऊन काउंटरवर विचारतात की चुकून आजोबांची गोळी दिलीत का.

मृण्मयी:
मी थोडी उलट बाजू मांडते. मी तीन वर्षं पिल घेतली, चेहरा अगदी स्वच्छ, आणि सोडल्यावर चार महिन्यांत होतं त्यापेक्षा वाईट. म्हणजे बरं काही झालंच नव्हतं, फक्त झाकलं होतं. कोणीच सांगितलं नव्हतं की सोडल्यावर परत येतं. शरीराचं स्वतःचं चक्र बंद करून वरून नकली चक्र चालवायचं हे मला पटत नाही. आहार, झोप, ताण यावर आधी काम करा.

गार्गी:
मृण्मयी, तुझा राग समजतो पण झोप सुधारून गाठी जातात असं नाही गं. मी झोप, ताण, सगळं करून बघितलं. डाग पडत राहिले ते पडतच राहिले.

स्पायरोचा माझा अनुभव देते. ५० वर दीड-दोन महिने, मग १००. पहिल्या आठवड्यात बाथरूमच्या चकरा आणि पटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी, मग सवय झाली. रात्रीची गोळी सकाळी घ्यायला लागले म्हणजे झोपमोड थांबली. खरा त्रास म्हणजे १०० वर गेल्यावर पाळी दर दोन आठवड्यांनी डोकवायला लागली. छाती पण दुखायची. डॉक्टरांनी ७५ वर आणलं तसं निवळलं. चेहरा चौथ्या महिन्यात पालटला.

आणि पोटॅशियमची गंमत ऐका. रिपोर्ट आला ५.८. लॅबमधून फोन, घरात रडारड, मी गोळी बंद केली. डॉक्टरांनी विचारलं रक्त काढताना काय झालं? शीर सापडत नव्हती, पट्टा खूप वेळ बांधलेला, मला सारखी मूठ उघडझाप करायला सांगत होते आणि नमुना बराच वेळ तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी परत काढलं, पट्टा लगेच सोडला, मूठ आवळली नाही, ४.२ आलं. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात नमुना हिमोलाइज्ड असं लिहिलेलं होतं आणि ते आम्ही कोणी वाचलंच नव्हतं.

शमा_स्किन:
गार्गीने लिहिलंय ते फार कामाचं आहे. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं. नळीत त्या फुटल्या की ते बाहेर येतं आणि आकडा वर दिसतो, शरीरात मात्र काही झालेलं नसतं. तरुण, निरोगी मुलीचा आकडा अचानक वर आला तर आधी परत नमुना घ्यायचा, फक्त त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही.

आता रेवतीच्या ‘दर महिन्याला मस्ट’बद्दल. मावशीचं वय काय आणि औषध कशासाठी होतं? हृदयासाठी असेल तर ते अगदी बरोबर आहे. पण मुरुमांसाठी घेणाऱ्या निरोगी तरुण मुलींचे जुने रिपोर्ट एकत्र करून अमेरिकेत बघितलं, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. सुमारे १८०० पोटॅशियम तपासण्यांमध्ये १३ वाढलेल्या, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही, आणि औषध न घेणाऱ्या त्याच वयाच्या मुलींमध्येही जवळपास तेवढंच प्रमाण. त्यामुळे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शनात निरोगी मुलींना नियमित पोटॅशियमची गरज नाही असंच म्हटलंय. काही डॉक्टर सुरुवातीला एकदा पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघतात, मीही बघते, कारण किडनीचा त्रास असलेली एखादी मुलगी स्वतःला माहीत नसताना येऊ शकते.

ज्यांचं तपासायलाच हवं त्या वेगळ्या. वय जास्त, किडनी कमकुवत, बीपीसाठी प्रिल किंवा सार्टन शेवट असलेल्या गोळ्या, रोजच्या रोज आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक. हे शेवटचं लोक विसरतात, कारण ते लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसराच डॉक्टर देतो आणि पेशंटला वाटतं मुरुमांच्या गोळीचा याच्याशी काय संबंध.

रेवती_के:
मावशी ६८ ची, हृदयासाठीच. ओके, मग वेगळी केस आहे. पण तरी एकदाही न बघता वर्षानुवर्षं गोळी घेत राहायची हे मला नाही झेपणार. मी तर वर्षातून एकदा करेनच.

अनघा४७:
धाग्यात मध्येच घुसते. वय ४७, मेनोपॉजच्या वाटेवर, आयुष्यात कधी नव्हते ते आता हनुवटीवर फोड. टेल्मिसार्टन ४० चालू आहे दोन वर्षं. बीपी आता १३४/८६ असतं. मिठाऐवजी ते कमी सोडियमवालं मीठ वापरते. मला मैत्रिणीने स्पायरो सुचवली, बीपीची पण गोळी आहे म्हणे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. चालेल ना?

शमा_स्किन:
अनघाताई, थांबा, स्वतःहून अजिबात नको. तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं, स्पायरोही धरून ठेवतं, आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईडच घातलेलं असतं. वर वय पंचेचाळिशीच्या पुढे. हे अशक्य नाही, हृदयाच्या पेशंटना ही जोडी मुद्दाम देतात, पण त्यांच्यावर नजर असते. तुमचं करायचं झालं तर आधी क्रिएटिनिन-पोटॅशियम, मग २५ ने सुरुवात, एक-दोन आठवड्यांत परत रक्त, डोस वाढवला की पुन्हा, आणि ते मीठ बंद. हे बीपीच्या डॉक्टरांना विचारूनच. पोटॅशियम खरंच वाढलं तर बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, जाणवलंच तर पाय गळून जाणं, छातीत ठोके चुकल्यासारखं वाटणं. काही वाटत नाही म्हणजे ठीक आहे असं समजायचं नाही.

आणि पिल? ३५ च्या पुढे, बीपीचं निदान झालेलं, गोळीने आटोक्यात असलं तरी इस्ट्रोजेनवाली पिल सहसा देत नाहीत. तुम्हाला लावायच्या औषधांपासून सुरुवात करायला भरपूर वाव आहे, अजून काहीच लावलेलं दिसत नाही.

अनघा४७:
बरं झालं विचारलं. मिठाचं तर स्वप्नातही आलं नसतं. आजच बाजूला ठेवते.

औषधवाला:
त्याला जोडून, ड्रोस्पिरेनोन हे स्पायरोच्याच कुळातलं आहे. पिलमधलं ३ मिलिग्रॅम ड्रोस्पिरेनोन पोटॅशियमच्या बाबतीत साधारण २५ मिलिग्रॅम स्पायरोएवढं धरतात. म्हणजे अनघाताईंना जी काळजी सांगितली तीच त्या पिललाही लागू. तरुण निरोगी मुलींना दोन्ही एकत्र देतात, त्याची भीती नाही. एकत्र देण्याचा फायदा म्हणजे गार्गीला झाला तसा पाळीचा घोळ होत नाही, आणि गर्भधारणेचा प्रश्न सुटतो.

पल्लवी_उ:
गर्भधारणेचा काय प्रश्न? मला वाटलं स्पायरो नुसती लघवीची गोळी.

औषधवाला:
अँड्रोजेन अडवणारं औषध आहे. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांची घडण अँड्रोजेनवरच होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांमध्ये बिघाड दिसलेत. म्हणून स्पायरो चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन हवं, आणि मूल हवं असेल तर साधारण महिनाभर आधी बंद करायला सांगतात. पाळी चुकली की आधी टेस्ट, मग पुढची गोळी.

मृण्मयी:
आणि पिलमुळे रक्ताच्या गाठी होतात त्याचं काय? सगळे सुमडीत आहेत त्यावर.

शमा_स्किन:
सुमडीत नाही, तेच आता लिहायला घेतलं होतं. युरोपच्या औषध यंत्रणेचे आकडे असे: पिल न घेणाऱ्या १०,००० तरुण बायकांत वर्षभरात साधारण २ जणींच्या शिरेत गाठ होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल किंवा नॉरजेस्टिमेट असलेल्या पिलवर ५ ते ७. ड्रोस्पिरेनोनवर ९ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर यापेक्षाही जास्त. म्हणजे धोका खरा आहे, वाढतो हेही खरं, पण एकेकीच्या वाट्याला लहान. पहिल्या वर्षात जास्त, आणि महिना-दोन महिने सोडून परत सुरू केली तरी पुन्हा तसाच वाढतो, म्हणून उगाच थांबा-सुरू करा करू नये. एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, यात वाट बघायची नाही.

मृण्मयीचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. सोडल्यावर परत येऊ शकतं, आणि हे आधी सांगायला हवं. स्पायरोचंही तसंच. ही दोन्ही औषधं चालू आहेत तोवर आवर घालतात. म्हणूनच सोबत अडापलीन चालू ठेवायचं आणि गोळी सोडल्यावरही तेच पुढे न्यायचं.

आता मनवा, तुझ्याकडे येते. पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य जाता जाता लिहिलंयस, अर्धशिशी. मला त्याच्यावरच विचारायचंय. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांना काही होतं का?

मनवा:
होतं ना. पण ते तर सगळ्यांनाच होतं ना अर्धशिशीत? आधी मधोमध एक ठिपका दिसेनासा होतो, म्हणजे मोबाइलवर वाचताना शब्दाचा मधला भाग गायबच. मग त्याच्या कडेने नागमोडी चमकणारी रेघ, करवतीच्या दात्यांसारखी, ती हळूहळू मोठी होत बाजूला सरकते. वीसेक मिनिटांनी जाते आणि मग डोकं फुटतं. वर्षातून काही वेळा होतं. एकदा डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या पण आल्या होत्या. गायनॅकनी विचारलं होतं डोकं दुखतं का, मी म्हटलं कधीकधी, त्यांनी पुढे नाही विचारलं.

शमा_स्किन:
नाही, सगळ्यांना होत नाही. याला ऑरा म्हणतात आणि तू ज्या पद्धतीने लिहिलंस, हळूहळू पसरणारी रेघ, पाच मिनिटं ते तासाभराच्या आत जाणारी, नंतर डोकं, ते अगदी ठरावीक वर्णन आहे. डोकं चढल्यावर उजेड सहन न होणं किंवा दोन्ही डोळ्यांना थोडं धूसर दिसणं वेगळं, ते ऑरामध्ये धरत नाहीत.

ऑरा असलेल्या अर्धशिशीत मेंदूच्या झटक्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेन तो आणखी वाढवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ही चौथी श्रेणी आहे, म्हणजे वापरू नये, वय कितीही असो, बीपी कितीही छान असो. म्हणून तुझ्यासाठी ड्रोस्पिरेनोनच काय, इस्ट्रोजेन असलेली कुठलीच पिल नको. ती चिठ्ठी घेऊन गायनॅककडे परत जा आणि हे वरचं वर्णन जसंच्या तसं सांग. ‘डोकं कधीकधी दुखतं’ एवढ्यावरून कोणालाच कळणार नाही. मुंग्यांचंही सांग, न्यूरॉलॉजीवाल्यांचं मत घेऊया असं त्या म्हणतील कदाचित.

गार्गी:
बापरे. हे विचारायलाच हवं होतं ना चिठ्ठी देण्याआधी.

पल्लवी_उ:
मला तर कोणीच विचारलं नव्हतं. मला अर्धशिशी नाही, पण तरी. फॉर्मवर ‘डोकेदुखी: हो / नाही’ एवढंच होतं.

मनवा:
हात गार पडले माझे वाचून. मग स्पायरो चालेल? त्यात डोकं दुखतं असं वाचलं कुठेतरी.

शमा_स्किन:
स्पायरोमध्ये इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे ऑराचा अडसर तिथे नाही. डोकेदुखी मात्र खरी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४१० बायकांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, निम्म्यांना स्पायरो, निम्म्यांना खोटी गोळी. डोकेदुखी स्पायरोवाल्यांत २० टक्के, खोट्या गोळीवर १२. म्हणून तू आत्तापासूनच तारीख आणि ऑरा होता की नाही एवढं लिहून ठेव, म्हणजे गोळी सुरू केल्यावर खरंच वाढलं का हे कळेल. ऑरा वाढला, किंवा नेहमीपेक्षा वेगळा आला, तर लगेच दाखवायचं.

त्याच चाचणीत ५० मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १०० असंच दिलं होतं. बारा आठवड्यांना फरक होता पण थोडा, चोवीस आठवड्यांना बराच जास्त, तेव्हा सुधारणा झाली म्हणणाऱ्या ८२ टक्के आणि खोट्या गोळीवर ६३. हे मी मुद्दाम सांगते कारण मुली दुसऱ्या महिन्यात सोडून देतात आणि म्हणतात लागू नाही पडली. आणि खोट्या गोळीवरचे ६३ पण लक्षात ठेव, सोबतच्या क्रीमचा आणि नुसत्या काळाचाही त्यात वाटा आहे.

रेवती_के:
मग गर्भनिरोधन काय करणार ती? पिल नाही म्हटल्यावर.

औषधवाला:
कॉपर टी सगळ्यात सरळ, त्यात हार्मोनच नाही, त्वचेवर काही परिणाम नाही. हार्मोनवाली कॉइल किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनवाल्या गोळ्या ऑरात चालतात, पण काहींना त्याने मुरुमं वाढतात, आपण ज्याच्यासाठी धडपडतोय तेच. काहींना मात्र हार्मोनवाल्या कॉइलने स्पायरोचा पाळीचा घोळ आवरतो. कोणाला काय होईल आधी सांगता येत नाही.

मृण्मयी:
तांब्याच्या कॉइलने माझ्या बहिणीला रक्तस्राव खूप वाढला होता. हेही विचारात घे मनवा. आणि हो, मी पिलच्या विरोधात असले तरी शमा यांनी विचारलं ते फार चांगलं केलं.

मनवा:
अपडेट देते. आज गायनॅककडे गेले. वर्णन इथून वाचूनच दाखवलं. त्यांनी लगेच पिलची चिठ्ठी रद्द केली, माझ्या केसपेपरवर लाल पेनने ऑरा असं लिहिलं, म्हणजे पुढे कोणी देणार नाही. न्यूरोला एकदा दाखवायला सांगितलंय. कॉपर टी पुढच्या पाळीत. पाळी माझी मुळात फार जात नाही, त्यामुळे रक्तस्राव वाढला तरी बघू म्हणाल्या.

स्किनच्या डॉक्टरांनी स्पायरो कॉपर टी बसल्यावरच सुरू करू म्हटलं. ५० जेवणानंतर, सहा आठवड्यांनी बघून १००. बीपी घेतलं ११८/७६. क्रिएटिनिन-पोटॅशियम एकदा केलं, पोटॅशियम ४.१, पुन्हा करायची गरज नाही, पण डोकं दुखलं म्हणून रोज आयबुप्रोफेन घेत सुटू नकोस म्हणाल्या, आणि युरिन इन्फेक्शन झालं तर त्या डॉक्टरला स्पायरो चालू आहे हे सांग म्हणाल्या. अडापलीन रात्री चालूच.

एक प्रश्न राहिला तो मी विचारायलाच विसरले. ही गोळी थांबवायची कधी? चेहरा चांगला झाला समजा सहा महिन्यांत, मग?

गार्गी:
मी वर्षभरानंतर ७५ वरून ५० वर आले, आता २५ वर आहे. २५ वर पाळीच्या आधी एखादा येतो, तेवढा मला चालतो.

शमा_स्किन:
याचं एकच एक उत्तर कोणाकडे नाही. मी स्वतः चेहरा निदान सहा महिने शांत राहिला की हळूहळू कमी करून बघते, परत आलं तर मागच्या डोसवर. काही सहकारी वर्षानुवर्षं तोच डोस ठेवतात आणि त्यांच्याही पेशंटना काही झालेलं नाही. तुझ्या बाबतीत मूल हवं असेल तेव्हा थांबावंच लागेल, त्यामुळे दोन वर्षांचा हिशोब आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेव. त्याच वेळी अडापलीनही बंद करावं लागेल, मग त्या काळासाठी अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड लावता येतं.

अनघा४७:
मी पण अडापलीन आणलं हो. वाटाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला की फक्त फोडांवर?

शमा_स्किन:
पूर्ण हनुवटी आणि जबड्याच्या कडेला पातळ थर, फोड असो वा नसो. नुसतं फोडावर लावून उपयोग नाही, ते पुढचे फोड येऊ नयेत म्हणून असतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, आणि आधी मॉइश्चरायझर.